खोका हरवलेली जुनी बार्बी कशी ओळखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या पेटीत, माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा मावशीच्या कपाटात जुनी बार्बी सापडते. खोका केव्हाच रद्दीत गेलेला असतो आणि ही कुठली, कधीची, एवढंच हवं असतं. या पानावर मी फक्त मॅटेलच्या बार्बीबद्दल लिहिलं आहे, कारण तिच्या बाबतीत खुणा भरपूर आहेत आणि चुकाही ठरावीक ठिकाणी होतात. शेवटी ॲक्शन फिगरबद्दल एक प्रश्न येतो, तोही घेतला आहे.

पाठीवर १९६६ लिहिलंय. म्हणजे माझी बाहुली १९६६ ची ना?

बहुधा नाही. मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. बाहुलीच्या अंगावरचं साल हे तिच्या जन्माचं साल नसतं. ते त्या साच्याच्या किंवा रचनेच्या हक्कनोंदणीचं साल असतं. कमरेत वळणाऱ्या बार्बीच्या धडावर १९६६ आलं आणि ती बाहुली दुकानात आली १९६७ मध्ये. त्यानंतर कमरेत वळणारं धड वर्षानुवर्षं वापरात राहिलं आणि त्याच्यासोबत तो आकडाही. त्यामुळे १९९० च्या दशकात विकत घेतलेल्या बार्बीच्या पाठीवरसुद्धा १९६६ दिसतं.

डोक्याचंही तसंच. मानेच्या मागे, केसांच्या कडेखाली १९७६ असेल तर तो 'सुपरस्टार' चेहऱ्याचा साचा. तो १९७७ मध्ये बाजारात आला आणि पुढे वीसेक वर्षं असंख्य बाहुल्यांना लागला. सर्वांत जुन्या बार्बीच्या उजव्या कुल्ल्यावर तर रोमन आकड्यांत १९५८ कोरलेलं असतं, आणि ती पहिल्यांदा लोकांसमोर आली ९ मार्च १९५९ ला, न्यूयॉर्कच्या खेळणी मेळाव्यात.

म्हणून अंगावरचं साल वाचताना मनाशी एवढंच म्हणायचं: "ही बाहुली या सालाच्या आधीची नाही." किती नंतरची आहे ते इतर खुणा सांगतात.

मग सुरुवात कुठून करायची? लोक तर आधी ड्रेस बघतात.

ड्रेस शेवटी बघा. कपडे बदलतात, बूट हरवतात, चुलत बहिणीच्या बाहुलीची पर्स हिच्या हातात येते. मी आतून बाहेर जाते. आधी धड, मग डोकं, मग केस, मग कपडे आणि सगळ्यात शेवटी खोक्याचे उरलेसुरले तुकडे. धड आणि डोकं बदलणं लहान मुलीला अवघड असतं, म्हणून त्यांची साक्ष भरवशाची. पूर्ण भरवशाची मात्र नाही. बार्बीची डोकी निघतात आणि दुसऱ्या धडावर बसतात, आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी ते सर्रास केलेलं असतं. मानेचा रंग आणि धडाचा रंग शेजारी ठेवून उजेडात बघा. चेहरा गव्हाळ आणि खांदे गुलाबी दिसले तर संशय घ्या.

धडावर देशाचं नावही शोधा. कमरेच्या मागे किंवा कुल्ल्यावर असतं, कधी तळपायावर. ठसा पुसट असेल तर टॉर्च बाजूने तिरपा धरा, अक्षरांची सावली पडते आणि वाचता येतं. सुरुवातीची सगळी बार्बी जपानमध्ये बनत होती. १९७० च्या दशकापासून तैवान, कोरिया, हाँगकाँग, फिलिपीन्स, मेक्सिको, मग मलेशिया, चीन, इंडोनेशिया अशी नावं येतात. 'जपान' आणि 'मलेशिया' यांत बऱ्याच वर्षांचं अंतर आहे. देशाच्या नावाने नेमकं वर्ष कळत नाही, पण ढोबळ काळ कळतो.

केसांवरून खरंच ओळखता येतं का? माझ्या बाहुलीचे केस तर लहानपणी मीच कापलेत.

येतं, आणि कापलेल्या केसांतूनही येतं. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण केसांची रचना हा जुन्या बार्बीचा सर्वांत बोलका भाग आहे.

१९५९ पासूनच्या पहिल्या बार्बीला पोनीटेल आणि कपाळावर कुरळी झुलपं असत. १९६१ मध्ये 'बबलकट' आली, म्हणजे डोक्याभोवती फुगवलेले आखूड केस. ती १९६७ पर्यंत टिकली. १९६४ मध्ये एक वेगळी पोनीटेल आली, तिच्या कपाळावर कुरळी झुलपं नाहीत; पुढचे केस कपाळावरून एका बाजूला वळवून मागे नेलेले. संग्राहक तिला 'स्वर्ल' म्हणतात. १९६५ च्या सुमाराला सरळ कापलेला बॉब आणि गुडघ्यात वाकणारे पाय एकत्र आले.

आता कोणाच्या बाहुलीचे केस आखूड आहेत. ही बबलकट, की कात्री लागलेली पोनीटेल? केसांची लांबी बघू नका, मुळं बघा. बोटांनी केस बाजूला सारा आणि टाळू तपासा. पोनीटेलच्या बाहुलीचे केस मुख्यतः चेहऱ्याच्या आणि मानेच्या कडेने ओळीत रोवलेले असतात, वर शेपटीच्या जागी आणखी एक गोल असतो आणि मधली जागा बरीचशी मोकळी. केस वर ओढून बांधल्यावर ती जागा झाकली जायची, म्हणून तिथे केस घालायची गरज नव्हती. बबलकटला शेपटी नाही, केस सगळीकडे फुगवायचे, म्हणून तिच्या डोक्यावर केस सर्वत्र रोवलेले असतात. मधे टक्कल दिसलं तर ती एकेकाळी पोनीटेल होती.

दुसरी खूण म्हणजे टोकं. कारखान्यातून आलेल्या केसांची टोकं आत वळलेली किंवा कुरळी असतात, कारण ते केस रोलरवर बांधून सेट केलेले असत. घरच्या कात्रीने कापलेली टोकं सरळ, थोडी चौकोनी, एकाच रेषेत तुटलेली दिसतात.

केस विंचरून, गरम पाण्याने धुऊन मग फोटो काढू का?

कृपया नको. आधी फोटो काढा, मग हवं ते करा. बाहुलीचे केस कृत्रिम धाग्याचे असतात आणि गरम पाण्याने त्यांचा आकार बदलतो. लाटा, कुरळेपणा, नागमोडी चुण्या, सगळं सपाट होतं. बाहुली सुंदर दिसेल, पण तिची ओळख पाण्यात जाईल. केसांत बांधलेली जुनी रिबन, रबर, टाचणीही तशीच ठेवा. १९६४ च्या 'स्वर्ल' बाहुलीची शेपटी पिवळ्या रिबनने आणि धातूच्या पिनने बांधलेली असे; अशी रिबन अजून तिथे असेल तर ती कचरा समजून काढणं म्हणजे साक्षीदाराला घालवून देणं आहे.

कानाजवळ हिरवा डाग आहे. बुरशी आहे का?

बुरशी नाही. जुन्या बार्बीच्या कानातल्यांच्या दांड्या तांब्या-पितळेच्या असत आणि धातू व मऊ प्लास्टिक वर्षानुवर्षं एकमेकांना लागून राहिल्यामुळे हिरवट डाग पडतो. ओळखीच्या कामात तो उपयोगी आहे: इथे कधीतरी धातूचं कानातलं होतं हे तो सांगतो, कानातलं हरवलं असलं तरी. कानातलं अजून असेल आणि सैल निघत असेल तर काढून लेबल लावलेल्या वेगळ्या पाकिटात ठेवा, म्हणजे डाग वाढायचा थांबेल. घासायला जाऊ नका. डाग प्लास्टिकच्या आत गेलेला असतो, घासून फक्त गालाचा रंग निघतो.

काळी-पांढरी पट्ट्यांची स्विमसूट आहे. म्हणजे पहिली बार्बी ना?

स्विमसूटवरून ठरवू नका. तीच स्विमसूट सुरुवातीच्या अनेक बार्बींना होती, सुटीही हाताला लागू शकते आणि तिच्या नकलाही झाल्या. पहिल्या बार्बीची खात्रीची खूण पायांत आहे: तळपायाला दोन भोकं आणि आत तांब्याच्या नळ्या. स्टँडच्या टोकांवर ती उभी राहावी म्हणून. दुसऱ्या तुकडीला ती भोकं नाहीत. पण 'भोकं आहेत' एवढ्याने भागत नाही, कारण नंतर कोणी ड्रिल मारूनही भोकं पाडतो. आत धातूची नळी दिसते का ते बघा.

चेहराही जुळला पाहिजे. पहिल्या दोन तुकड्यांच्या डोळ्यांची बुबुळं पांढरी, म्हणजे त्यांत निळा रंग नाही, आणि भुवया उलट्या 'व्ही'सारख्या टोकदार. निळे डोळे आणि मऊ गोल भुवया आल्या १९६० मध्ये, तिसऱ्या तुकडीत. पहिल्या तीन तुकड्यांचं अंग काळाने फिकट, हस्तिदंती पांढरं पडलं आहे. चौथ्या तुकडीपासून त्वचेचा रंग टिकला. १९६१ मध्ये पाचवी तुकडी आली, तिचं धड पोकळ आणि हातात घेतल्यावर हलकं. लाल केस तिथूनच सुरू झाले, त्यामुळे लाल केसांची पोनीटेल बार्बी पाचव्या तुकडीआधीची असू शकत नाही. १९९४ मध्ये पस्तीस वर्षं झाली म्हणून मॅटेलनेच पहिल्या बार्बीची प्रतिकृती काढली होती. तीही घरोघरी गेली आहे, म्हणून अंगाचा रंग आणि पाय या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय कोणाला काही सांगू नका.

कपडे आणि ॲक्सेसरीजचा मग काही उपयोगच नाही का?

आहे, पण कोणत्या काळात किती, हे लक्षात ठेवायला हवं. १९६० च्या दशकात बार्बी साध्या स्विमसूटमध्ये मिळायची आणि पोशाख वेगळे विकले जायचे. काळा सिक्विनचा, खाली जाळीची झालर असलेला 'सोलो इन द स्पॉटलाइट' हा गाउन १९६० मध्ये आला, त्याच्यासोबत लांब काळे हातमोजे आणि मायक्रोफोन. तो तुमच्या बाहुलीच्या अंगावर असेल तर कळतं ते इतकंच, की हा पोशाख घरात होता. बाहुली कुठली ते त्यावरून कळत नाही.

१९८० आणि ९० च्या दशकात उलटं झालं. तेव्हा प्रत्येक बाहुली एका नावाने, तिच्या ठरलेल्या पोशाखात विकली जायची. त्या काळात एकच छोटी वस्तू, एखादी शाल, एखादं कापड, नेमकं नाव देऊन जाते. म्हणून धडावरून काळ ठरवा आणि मगच कपड्यांना किती महत्त्व द्यायचं ते ठरवा.

कपड्याच्या आतलं लेबल बघा. सुरुवातीच्या लेबलवर 'बार्बी' शब्दापुढे टी.एम. असायचं, पुढे त्या जागी वर्तुळातलं 'आर' आलं. बंद करण्याची पद्धतही बघा: जुन्या कपड्यांना बारीक धातूची टिचबटणं आणि छोट्या धातूच्या चेन, १९८० च्या दशकात वेल्क्रो. बुटांच्या तळाशी 'जपान' उठवलेलं असेल तर बूट सुरुवातीच्या काळातले. बूट मात्र सगळ्यात जास्त हिंडतात, त्यांच्यावर निकाल देऊ नका.

ड्रेस आईने शिवलेला आहे की कंपनीचा, हे कसं कळेल?

आतून उलटा करून बघा. कारखान्याच्या कपड्याच्या कडा एकसारख्या शिवलेल्या असतात आणि टाके बारीक, समान. घरच्या ड्रेसला बहुधा लेबल नसतं, हातशिलाई असते, नाडी किंवा मोठ्या माणसांच्या कपड्यांतलं टिचबटण असतं आणि कापड ओळखीचं वाटतं, आईच्या ब्लाऊजपीसचं. मला असे ड्रेस फार आवडतात आणि मी ते बाहुलीबरोबर ठेवायला सांगते. फक्त ओळख पटवताना बाजूला ठेवा.

माझ्या बार्बीला साडी आणि कुंकू आहे. ती कुठली?

यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. मॅटेलने जगभरच्या देशांच्या बाहुल्यांची मालिका काढली होती, आणि त्यात १९८२ मध्ये लाल-सोनेरी साडीतली 'इंडिया बार्बी' आली. ती परदेशी बाजारातली. दुसरीकडे, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भारतातच बार्बी बनू लागली. ब्लो प्लास्टच्या लिओ टॉइजने ती बनवली, पुढे खोक्यावर 'लिओ मॅटेल' असं नाव दिसू लागलं. आपल्याकडच्या बहुतेक घरांतली बार्बी हीच.

वेगळं करायची जागा धड आहे. भारतात बनलेल्या बाहुलीच्या अंगावर 'इंडिया' शोधा. सापडलं तर ती इथली, साडी नंतर नेसवलेली असली तरी. चीन किंवा मलेशिया असेल आणि अंगावर साडी असेल, तर आधी उलटून शिलाई बघा. आजीच्या हातची निघण्याची शक्यता मोठी. आणि 'अंगावर इंडिया म्हणजे नक्कल' हा समज काढून टाका. चेहऱ्याच्या रंगकामात थोडा फरक दिसतो, कारण ती वेगळ्या कारखान्यात रंगवली, पण ती परवान्याने बनवलेली अस्सल बार्बी आहे.

खोका नाही, पण त्याचा एक तुकडा सापडला. त्यावरून काय कळतं?

तुकडा कुठला आहे ते बघा. खोक्याच्या बाजूला किंवा टोकाला मॉडेल क्रमांक असतो. बाहुलीचं नाव, केसांचा रंग आणि क्रमांक एकत्र छापलेले असले तर काम जवळजवळ झालं. पोनीटेल बार्बीचा क्रमांक ८५० होता, आणि टोकावर केसांचा रंगही लिहिलेला असे. केस काळे आणि टोकावर 'ब्लाँड' असेल, तर खोका दुसऱ्या बाहुलीचा.

खोक्यावरचं साल हे बहुधा बाहुली दुकानात येण्याच्या आदल्या वर्षीचं असतं. म्हणून खोक्यावर १९९१ दिसलं तर मी १९९२ ची विक्री धरते. बॉक्सच्या आतला पुठ्ठा, मनगटाला बांधलेला टॅग, छोटी पुस्तिका, दुकानाचं रुपयांत किंमत असलेलं स्टिकर, काही टाकू नका. पुस्तिकेत त्या वर्षीचे पोशाख छापलेले असतात, त्यामुळे ती काळ सांगते. पण ती सुट्या पोशाखाबरोबरही येत असे, म्हणून तिची साक्ष बाहुलीपेक्षा कपड्यासाठी जास्त पक्की.

एक उदाहरण पायरीपायरीने सांगाल का?

सांगते. एका मैत्रिणीने अमेरिकेतल्या आत्याकडून आलेली बाहुली आणली. खोका नाही, अंगावर घरचा फ्रॉक, पायात बूट नाही. पाठीवर १९६६, म्हणून घरात सगळे खुश होते, 'साठ वर्षं जुनी' म्हणून.

धड: कमरेत वळते, हात कोपरात कायमचे वाकलेले, देश मलेशिया. १९६६ च्या बाहुल्या जपानच्या, म्हणजे हा आकडा इथे फक्त साच्याचा. डोकं: मानेमागे १९७६, रुंद हसू. म्हणजे १९७७ च्या आधीची नाही. आतापर्यंत १९७७ ते १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत एवढी मोठी जागा शिल्लक.

मग केस. सोनेरी, आणि पट्टी लावली तर टाळूपासून जवळपास २७ सेंटीमीटर, म्हणजे उभी केल्यावर पायापर्यंत. बार्बीची उंचीच २९ सेंटीमीटर! केस नागमोडी चुण्यांचे होते. इतके लांब, चुण्या घातलेले केस मिळाले की यादी एकदम छोटी होते. १९९२ ची 'टोटली हेअर' बार्बी याच गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. १०.५ इंच केस, रंगीबेरंगी भोवऱ्यांच्या छापाचा लांब बाह्यांचा आखूड ड्रेस, आणि सोबत केसांची जेल.

पण केसांवरून एकट्याने मी निकाल दिला नाही. मैत्रिणीला पेटीतले सगळे चिंध्यांसारखे कपडे आणायला सांगितलं. त्यांत भोवऱ्यांच्या छापाचा, लांब बाह्यांचा ड्रेस निघाला, आत लेबल शाबूत. आता तीन खुणा एकाच दिशेला बोलत होत्या. ती १९९२ ची ठरली. आत्या तेव्हा अमेरिकेत होती, हेही जुळलं. शोधायचं झालं तर हीच बाहुली युरोपात वेगळ्या नावाने विकली गेली, म्हणून दोन्ही नावं टाइप करून बघा: `Totally Hair Barbie` आणि `Ultra Hair Barbie`.

ड्रेस सापडला नसता तर? मग मी 'बहुधा टोटली हेअर' असंच लिहिलं असतं आणि केस किती, चुण्या आहेत का, डोक्यामागचं साल, एवढं नोंदवून थांबले असते.

जी.आय. जोसारख्या ॲक्शन फिगरलाही हेच लागू पडतं?

तत्त्व हेच, खुणा वेगळ्या. पावणेचार इंची जी.आय. जोच्या पाठीवर साल असतं, तेही साच्याचं. १९८२ चे पहिले शिपाई सरळ हातांचे होते; १९८३ पासून दंडात फिरणारे हात आले, पण तेच शिपाई नव्या हातांसह परत विकले गेले आणि पाठीवर १९८२ च राहिलं. म्हणून पाठीनंतर दंड फिरवून बघा. भारतात फन्स्कूलने हे शिपाई बनवले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे रंग अमेरिकन आवृत्तीपेक्षा वेगळे आहेत. रंग जुळत नाही म्हणून बनावट ठरवू नका, आधी देश वाचा. शस्त्र आणि टोपी तर मुलं एकमेकांत सर्रास बदलतात. त्यांची साक्ष बार्बीच्या बुटांइतकीच.

मी विचारायला फोटो पाठवायचे तर कोणते?

चेहरा समोरून, डोकं मागून केस बाजूला सारून, पाठ, कुल्ला, दोन्ही तळपाय, हाताची बोटं, आणि कपड्याचं लेबल आतून. सगळे दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश न लावता. बाहुलीशेजारी पट्टी ठेवा. टाळूचा फोटो लोक नेहमी विसरतात आणि मला तोच सगळ्यात आधी लागतो.